फोन उचलला की नेट सुरू

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडची दुरुस्ती हे ठाण्यात अनेक वर्षे माझे रोजचे काम होते. त्यात 2013 च्या पावसाळ्यात नौपाड्यातून आलेली एक तक्रार मला अजूनही बारकाव्यांसह आठवते. मोडेमवरचा डीएसएलचा दिवा सतत लुकलुकतो आणि नेट टिकत नाही, एवढेच तक्रारीत लिहिलेले होते. तीच तक्रार आधी नोंदवली गेली होती आणि प्रत्येक वेळी ‘लाइन ठीक’ असा शेरा मारून बंद झाली होती.

घरातल्या काकू निवृत्त शिक्षिका होत्या आणि त्यांचा मुलगा घरी बसून हिशेबाची कामे करायचा. मी चपला काढतो आहे तोवर काकूंनी निदानाचा अर्धा भाग सांगून टाकला. “अहो दादा, तुम्ही हसाल, पण फोन उचलून दोन मिनिटं ठेवला ना, की नेट सुरू होतं. मग खाली ठेवला तरी थोडा वेळ चालतं. तुमची माणसं येतात, फोन उचलून टोन ऐकतात, दिवाही स्थिर दिसतो, मग सही घेऊन जातात. ती जिन्यातून खाली पोहोचेपर्यंत हा परत डोळे मिचकावायला लागतो.”

मला हसू आले नाही, कारण नेहमीचा अनुभव याच्या नेमका उलट असतो. फोन उचलल्यावर नेट तुटते, अशी तक्रार आली की आमचा पहिला संशय स्प्लिटरवर जातो. आवाज चार किलोहर्ट्‌झच्या खाली चालतो आणि तारेवरच्या ब्रॉडबँडचा, म्हणजे एडीएसएल 2 प्लसचा, संदेश त्याच्या बराच वर, सुमारे 2.2 मेगाहर्ट्‌झपर्यंत पसरलेला असतो. त्या दोघांना एकमेकांच्या वाटेत येऊ न देणे हे स्प्लिटरचे काम. त्याची पिन सैल झाली, किंवा घरातला एखादा जोडफोन स्प्लिटरला वगळून थेट लाइनवर लावलेला असला, तर रिसीव्हर उचलताच लाइनवरचा भार बदलतो आणि मोडेम कोलमडतो. शिवाय बोलताना कानात सूं असा आवाज येत राहतो. इथे मात्र फोन उचलणे हाच उपाय ठरत होता.

तरीही स्प्लिटरला निर्दोष ठरवण्याआधी तो बाजूला काढणे आवश्यक होते. मी भिंतीवरच्या रोझेटमधून, म्हणजे बाहेरची तार जिथे घरात येऊन संपते त्या डबीतून, घरातले सगळे वायरिंग सोडवले आणि माझ्याकडच्या आखूड कॉर्डने मोडेम थेट तिथे जोडला. दिवा लुकलुकतच राहिला, बऱ्याच वेळाने स्थिर झाला आणि थोड्याच वेळात पुन्हा लुकलुकू लागला. तेवढ्या अवधीत मोडेमचे पान उघडून पाहिले. `SNR Margin` पाच डेसिबलच्या आसपास हेलकावे खात होते आणि `Attenuation` 46 डेसिबल दिसत होते. पहिला आकडा गोंगाटापेक्षा संदेश गरजेहून किती वरचढ आहे ते सांगतो. तो सहाच्या खाली राहू लागला की जोडणीचा भरवसा धरू नये. मला जास्त खटकला तो दुसरा आकडा. तारेच्या लांबीमुळे संदेश किती क्षीण झाला, हे त्यावरून कळते. एक्स्चेंजपासून तिथवर साधारण दोन किलोमीटर केबल होती आणि एवढ्या अंतराला 28 च्या जवळपास आकडा यायला हवा होता. तार एकाएकी लांब होत नाही. म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा होता.

आता स्प्लिटर परत लावून फोन जोडला आणि काकूंना रिसीव्हर उचलायला सांगितले. आधी कानात कडकड झाली, मग आवाज स्वच्छ झाला. मोडेम बंद करून चालू केला, तर या वेळी पानावर 29 डेसिबल आले आणि दिवा स्थिर राहिला. तिथे मला खात्री पटली की हा तांब्याच्या गंजलेल्या जोडाचा प्रकार आहे.

हे असे का होते, ते थोडे सविस्तर सांगतो. दोन तारा नुसत्या पिळून जोडलेल्या असल्या आणि त्यात पाणी शिरले, की तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. तो थर वीज सहजी जाऊ देत नाही. फोन खाली ठेवलेला असताना लाइनवर सुमारे 48 व्होल्ट असतात, पण प्रवाह जवळजवळ वाहत नाही. रिसीव्हर उचलला की वीसेक मिलीअँपिअर किंवा अधिक प्रवाह वाहू लागतो आणि ते व्होल्टेज त्या थराला भेदून तात्पुरती वाट करते. ब्रॉडबँडचा संदेश मात्र इतका नाजूक असतो की त्याच्याने स्वतःहून ती वाट उघडत नाही. फोन ठेवल्यावरही वाट काही काळ शाबूत राहते. मग वाऱ्याने तार हलते, ओल वाढते, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वर जोडीपैकी एकाच तारेत अडथळा असला की दोन्ही तारांचा समतोल बिघडतो आणि बाहेरचा गोंगाट आत शिरतो. आकाशवाणीच्या मध्यम लहरीसुद्धा याच पट्ट्यात येतात.

जोड नक्की कुठे आहे, हे शोधायला मी मोडेम घेऊन खाली उतरलो. वॉचमनच्या केबिनमधून वीज घेतली आणि इमारतीच्या भिंतीवरच्या डीपीत, म्हणजे जिथे बाहेरची केबल संपते आणि घरोघरच्या तारा सुरू होतात तिथे, काकूंच्या घराकडे जाणारी तार सोडवून एक्स्चेंजकडच्या जोडीवर मोडेम लावला. दिवा स्थिर झाला आणि फोन न उचलताही 28 डेसिबल दिसले. म्हणजे एक्स्चेंजपासून डीपीपर्यंत सारे ठीक होते आणि दोष डीपी ते दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या तारेत होता.

ती तार दोन्ही बाजूंनी मोकळी केली. वर मुलाने रोझेटकडची दोन टोके एकमेकांना जोडून धरली आणि खाली मी मल्टिमीटर लावला. चाळीसेक मीटर तारेचा जाऊन-येऊन रोध पाच-सात ओहम भरायला हवा, पण मीटरवरचे आकडे शेकड्यांत आणि हजारांत उड्या मारत होते. मेगरने इन्सुलेशन तपासले असते, तर ते बहुधा चांगलेच निघाले असते, कारण तार दुसरीकडे कुठे गळत नव्हती, स्वतःच्याच वाटेत अडत होती. आधीच्या मंडळींना दोष सापडला नाही, त्याचे कारण मला वाटते हेच. टोन ऐकण्यासाठी फोन उचलायचा आणि त्या उचलण्यानेच दोष लपायचा.

जोड पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या ग्रीलमागे सापडला. कुणीतरी, बहुधा इमारतीला रंग देताना, तार तोडून पुन्हा पिळली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडली तसे दोन थेंब पाणी बोटांवर आले. एका तारेचा पीळ अजून तांबूस होता. दुसरीचा हिरवट पडला होता आणि नखाने खरवडल्यावर त्याची भुकटी निघाली.

तेवढाच भाग कापून जेली भरलेल्या कनेक्टरने नवा जोड मारणे सोपे होते आणि पावसात तेवढे पुरतेही. पण जोडाच्या दोन्ही बाजूंनी हिरवेपणा आवरणाच्या आत बराच पुढे गेलेला होता, म्हणून डीपीपासून रोझेटपर्यंत नवी अखंड तार ओढली. स्प्लिटरच्या पिनाही काळवंडल्या होत्या, तेव्हा तोही बदलला, जरी या प्रकरणात त्याचा अपराध नव्हता. नंतर फोन जागेवर ठेवूनच मोडेम चालू केला. मार्जिन 19 वर गेले आणि मुलाने काम सुरू केले तरी दिवा हलला नाही.

काकूंचे मात्र समाधान होईना. “आता फोन उचलून बघू का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, “उचला, पण आता दिवा तसाच राहायला हवा.” त्यांनी उचलला, थोडा वेळ टोन ऐकला, ठेवला, आणि मगच सही केली. तक्रारीच्या नोंदीत अशा दोषासाठी वेगळा रकाना नव्हता, म्हणून मी शेऱ्यात लिहिले: “तपासणी फोन न उचलता करावी.”