ऑक्सफर्ड की सेऊल? क्विझमधल्या एका हरकतीची पडताळणी

प्रश्न असा होता: ‘पॅरासाइट’ (2019) या कोरियन चित्रपटात मुलीने तयार केलेलं बनावट प्रमाणपत्र बघून वडील गमतीने कोणत्या विद्यापीठाचं नाव घेतात? उत्तरसूचीत ‘ऑक्सफर्ड’ होतं आणि बहुतेकांनी तेच लिहिलं. एका मुलीने ‘सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटी’ लिहिलं, तिचे गुण गेले आणि तिने लेखी हरकत घेतली. आमच्या चित्रपट-क्विझच्या हरकती तपासण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यामुळे तो कागद माझ्याकडे आला.

इंग्रजी सबटायटल लावून बघितलं की वाक्य दिसतं ते साधारण असं: ऑक्सफर्डमध्ये कागदपत्रं बनावट करण्याचा विषय शिकवतात का? म्हणजे प्रश्न काढणाऱ्याने मनाचं काही लिहिलं नव्हतं, पडद्यावर वाचलं तेच उतरवलं होतं. प्रश्नसंच बघणाऱ्या मॅडमचं म्हणणंही तेच. “अधिकृत सबटायटल आहे, चित्रपटातल्या वाक्यांच्या याद्या ज्या पानांवर असतात तिथेही ऑक्सफर्डच आहे. अजून काय पुरावा हवा?” त्यांचं बोलणं वरवर पटण्यासारखं होतं. पण त्या याद्या कुठून आल्या? त्याच इंग्रजी सबटायटलवरून. एकाच साक्षीदाराचं म्हणणं चार जणांनी पुन्हा सांगितलं, म्हणून चार साक्षीदार होत नाहीत. दुसऱ्या भाषेतली सबटायटल्स काढून बघितली तरी हीच अडचण येऊ शकते, कारण अनेकदा मूळ भाषेवरून आधी इंग्रजी साचा तयार होतो आणि बाकीच्या भाषांचे अनुवादक त्या साच्यावरून काम करतात. साच्यात एखादं नाव बदललं असेल, तर ते पुढच्या भाषांमध्येही बदललेलंच जातं.

म्हणून मी सबटायटल बाजूला ठेवून आवाजाकडे गेलो. मला कोरियन येत नाही. तरी एक गोष्ट भाषा न येणारा माणूसही तपासू शकतो, ती म्हणजे विशेषनाम. व्यक्तीचं, गावाचं, संस्थेचं नाव उच्चारात थोडं वाकडंतिकडं झालं तरी ओळखू येण्याइतकं शिल्लक राहतं. ऑक्सफर्ड कोरियन तोंडातून आलं तरी त्यातला ‘क्स’ आणि पुढचा ‘प-फ’सारखा आवाज कुठे जात नाही. सबटायटल बंद केलं, वाक्याच्या दहाएक सेकंद आधीपासून लावलं, हेडफोन घातले आणि फक्त तेवढाच तुकडा परत परत ऐकला. ‘क्स’ कुठेच नव्हता. जिथे विद्यापीठाचं नाव यायला हवं तिथे ‘सऊल’ असं काहीतरी येत होतं आणि त्याला चिकटून ‘दे’.

एवढ्यावर निकाल देणं मला बरोबर वाटलं नाही. हरकतीचा कागद वाचूनच मी ऐकायला बसलो होतो आणि माणसाला जे ऐकायचं असतं ते ऐकू येतं. कोरियन शिकवणाऱ्या एक बाई ओळखीच्या होत्या. त्यांना मी प्रश्न सांगितला नाही, चित्रपटाचं नाव सांगितलं नाही आणि चित्रही दाखवलं नाही. नुसता आवाजाचा तुकडा दिला. “बाई, ऐकाल तसं शब्दाला शब्द लिहून द्या. सुबक मराठी नको, ओबडधोबड चालेल.” पडताळणीत या पायरीवर घाई होते असं माझं मत आहे. “इथे ऑक्सफर्ड म्हणतो की सेऊल?” असं विचारलं की समोरच्यासमोर आपण दोनच दारं उघडी ठेवतो. आणि सुबक भाषांतर मागितलं की समोरचा माणूसही नकळत सबटायटल लिहिणाऱ्याचंच काम करायला लागतो.

बाईंनी लिहून दिलं: “सेऊल विद्यापीठ – कागदपत्र-बनावट विभाग – असलं काही नसतं का?” खाली त्यांनी एक टीप जोडली होती. ‘दे’ हे विद्यापीठ या अर्थाच्या मोठ्या शब्दाचं छोटं रूप आहे आणि ‘सऊल-दे’ म्हटलं की तिथल्या कुणालाही सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटीच कळते, दुसरी कुठली नाही. हाच तुकडा मी आणखी एका कोरियन जाणणाऱ्या गृहस्थांना, बाईंचा कागद न दाखवता, ऐकवला. त्यांनीही तेच लिहिलं. हरकत घेणारी मुलगी बरोबर होती.

मग सबटायटलमध्ये ऑक्सफर्ड आलं कुठून? ही अनुवादकाची डुलकी नाही. या चित्रपटाची इंग्रजी सबटायटल्स डार्सी पॅकेट यांनी केली. कोरियात अनेक वर्षं राहिलेले आणि कोरियन सिनेमावर लिहिणारे ते गृहस्थ आहेत. हा बदल जाणूनबुजून केल्याचं त्यांनी मुलाखतींमध्ये सांगितलं आहे. सेऊल नॅशनल युनिव्हर्सिटी ही तिथली सगळ्यात मानाची संस्था, तिथे प्रवेश मिळणं म्हणजे घराण्याचं नाव निघणं, हे कोरियन प्रेक्षकाला सांगावं लागत नाही. बाहेरच्या प्रेक्षकाला ते नाव वाचून हसू येणार नाही. आणि सबटायटलला थांबून समजावायला जागा नसते. साधारण प्रथा अशी की एका वेळी दोनच ओळी, इंग्रजीत एका ओळीत सुमारे 42 अक्षरं, आणि एक तुकडा पडद्यावर जास्तीत जास्त 7 सेकंद. गमतीच्या वाक्याला तर दोन-तीन सेकंदच मिळतात. तेवढ्यात हसू यायला हवं म्हणून त्यांनी जगभर ओळखीचं नाव घातलं. विनोद वाचला. मला हा निर्णय चांगला वाटतो आणि सबटायटल चुकीचं आहे असं मी निकालात कुठेही लिहिलं नाही.

चूक पुढच्या पायरीवर झाली. सबटायटल प्रेक्षकाला प्रसंग कळावा म्हणून लिहिलेलं असतं, पण प्रश्न काढणाऱ्याने त्याला पात्राची जबानी मानलं. ‘नाव घेतात’ असं प्रश्नात लिहिल्यावर उत्तर तोंडातून निघालेलंच असायला हवं, आणि वडिलांच्या तोंडून ऑक्सफर्ड निघतच नाही.

एक हरकत खरी निघाल्यावर मी त्या फेरीतले ‘म्हणतो’, ‘विचारते’, ‘नाव घेतो’ असे सगळे प्रश्न बाहेर काढले. याच चित्रपटावर दुसरा प्रश्न होता: मालकीणबाई फोनवर कोणता पदार्थ करून ठेवायला सांगतात? उत्तरसूचीत ‘रॅमडॉन’. हा शब्द रामेन आणि उदोन जोडून इंग्रजी सबटायटलसाठीच बनवलेला आहे. फोनवर ऐकू येतो तो ‘जापागुरी’. दोन तयार नूडल्सच्या नावांचे तुकडे जोडून झालेलं ते नाव आहे आणि त्यातला ‘गुरी’ इतका स्पष्ट आहे की तिथे मला कुणाची मदत लागली नाही.

तिसरा प्रश्न मात्र कानाने सुटणारा नव्हता. ‘स्क्विड गेम’ (2021) मधली मी-न्यो नावाची बाई स्वतःच्या हुशारीबद्दल नेमक्या कोणत्या शब्दांत सांगते? दोन स्पर्धकांनी दोन वेगळी उत्तरं लिहिली होती आणि दोघांनीही ती इंग्रजीतच वाचली होती. कारण त्या मालिकेला इंग्रजीचे दोन वेगवेगळे ट्रॅक होते. एक साधी सबटायटल्स, दुसरा ऐकू न येणाऱ्यांसाठीच्या कॅप्शनचा. कॅप्शनमध्ये ती ‘मी काही फार बुद्धिमान नाही, पण जमवून घेते’ अशा अर्थाचं बोलते. सबटायटलमध्ये ती ‘अभ्यासाच्या भानगडीत पडले नाही, पण डोकं जबरदस्त आहे’ असं म्हणते. मालिका आली तेव्हा कोरियन जाणणाऱ्या प्रेक्षकांनी जाहीरपणे दाखवून दिलं होतं की मूळ वाक्य ‘मी खूप हुशार आहे, फक्त शिकायची संधी मिळाली नाही’ असं आहे. तीन वाक्यांतून तीन वेगळ्या बाया उभ्या राहतात. मूळ वाक्यातली बाई परिस्थितीने मागे राहिलेली आहे, आणि त्या मालिकेत गरिबीचाच तर सगळा प्रश्न आहे. एका ट्रॅकने तिची हुशारी काढून घेतली, दुसऱ्याने शिक्षण न होण्याचा दोष तिच्याच माथी मारला.

कॅप्शन इतकं लांब जातं याचं कारण समजून घेतलं की पुढे तपासणं सोपं जातं. परभाषिक मालिकेचा इंग्रजी कॅप्शन ट्रॅक बऱ्याचदा डबिंगच्या संवादांवरून केलेला असतो. डबिंगला ओठांच्या हालचालीशी जुळवून घ्यावं लागतं, म्हणून शब्द आणखी बदलतात. ओळखायची खूण सोपी आहे: तो ट्रॅक चालू ठेवून आवाज इंग्रजी डबिंगचा लावा. लिहिलेलं आणि बोललेलं शब्दाला शब्द जुळलं, तर तो ट्रॅक डबिंगचा आहे, मूळ संवादाचा नाही. कंसात ‘दार वाजतं’ असली ध्वनीची वर्णनं असली की तो कॅप्शनचा ट्रॅक आहे एवढंच कळतं, संवाद कुठून घेतले ते कळत नाही. मूळ भाषेतलं कॅप्शन मिळालं तर ते सगळ्यात उपयोगी पडतं, पण तिथेही जागेसाठी वाक्यं आखडलेली असू शकतात, म्हणून आवाज ऐकणं सुटत नाही.

हरकतदारांनी ‘अमुक मिनिटाला ऐका’ असं लिहिलं असेल आणि तिथे भलताच प्रसंग निघाला, तर हरकत लगेच खोटी ठरवू नये. सेकंदाला 24 चित्रांचा चित्रपट काही डिस्कवर 25 च्या वेगाने चालवलेला असतो. त्यामुळे तासाभराचा भाग सुमारे 2 मिनिटं 24 सेकंद आधी संपतो. मी वेळेऐवजी आधीचा आणि नंतरचा प्रसंग लिहून मागतो.

निकालावर मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. सेऊल लिहिणाऱ्या मुलीला गुण द्यायचे यावर दुमत राहिलं नव्हतं. ऑक्सफर्ड लिहिणाऱ्यांचे काढायचे का, हा प्रश्न होता. मी नको म्हटलं. त्यांनी चित्रपट ज्या रूपात आपल्याला बघायला मिळतो त्या रूपात नीट बघितला होता, आणि प्रश्नाने कुठलं रूप धरायचं ते सांगितलंच नव्हतं. त्या फेरीपुरती दोन्ही उत्तरं धरली, उत्तरसूची दुरुस्त केली. पदार्थाच्या प्रश्नालाही हाच न्याय लावला. मी-न्योचा प्रश्न रद्द केला, कारण ‘नेमके शब्द’ विचारून मराठीत उत्तर मागणं मुळातच चालणारं नव्हतं. मॅडमना ते आवडलं नाही, प्रश्न त्यांचा आवडता होता.

आता परभाषेतल्या संवादावरचा प्रश्न आला की त्यात एक तर ‘इंग्रजी सबटायटलनुसार’ असं लिहायचं, नाहीतर मूळ आवाज दोन जाणकारांकडून वेगवेगळा लिहून घेऊन तो कागद प्रश्नासोबत जोडायचा. परवाच एका प्रश्नासाठी दोघांचे कागद जुळले नाहीत. नट तोंडातल्या तोंडात बोलतो, त्यात एकाला ‘उद्या’ ऐकू आलं, दुसऱ्याला ‘आज’. सबटायटलमध्ये ‘उद्या’ होतं. तो प्रश्न आम्ही घेतला नाही.