सहा मात्रा

विलंबित एकतालात चूक कुठे होते हे कुठल्याही तबलजीला विचारा, तो एकच जागा दाखवेल. ठेका असा: धिं धिं धागे तिरकिट तू ना, कत् ता धागे तिरकिट धी ना. बारा मात्रांत 'धागे तिरकिट' दोनदा येतं. पहिल्याच्या पुढे 'तू ना', दुसऱ्याच्या पुढे 'धी ना' आणि मग सम, म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. पहिल्या तिरकिटनंतर हात चुकून 'धी ना'कडे वळला, की मधल्या सहा मात्रा गायब. ही चूक नवशिक्याची. माझ्या हातून ती तबला धरून एकवीस वर्षं झाल्यावर झाली, भर मैफलीत, आणि गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते.

गुरुजींकडे मी अकराव्या वर्षी गेलो. पहाटे पाचला त्यांच्या माडीवर हजर व्हायचं. पाच म्हणजे पाचला तबला सुरात लावून तयार, जिना चढताना पाच नव्हे. खिडकीत एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात एकशेआठ चिंचोके. कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, एकदा नीट वाजला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे सरकवायचा. मध्ये बोट अडखळलं, की उजवीकडचे सगळे परत डावीकडे. सत्त्याण्णवाव्याला अडखळलो तरी सगळे. पहिलं दीड वर्ष 'धाधा तीट धाधा तीना' सोडून दुसरं काही मिळालं नाही. नंतर दिल्लीचा 'धाती टधा तीट', मग त्याचे पलटे, मग रेले. गुरुजी आत काकूंशी बोलत असायचे, पेपर वाचत असायचे, पण 'तीट'मधला 'ट' दबला की आतून आवाज यायचा, "परत."

मी त्यांना दोष देतोय असं वाटायला नको. माझ्या 'तीट'ची आज जी सफाई आहे ती त्या डब्यातूनच आली. बोटाची चाटेवरची जागा, डग्ग्यावर मनगटाचा दाब किती द्यायचा, हे वर्षानुवर्षं तेच तेच केल्याशिवाय हातात बसत नाही, त्याला दुसरा रस्ता मला अजून सापडलेला नाही. शिवाय त्यांनी माझ्याकडून फीचा एक रुपया घेतला नाही. पण चिंचोक्यांनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, जी गुरुजींनाही ठाऊक नव्हती. न अडखळण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे आपण काय वाजवतोय ते न ऐकणं. ऐकायला लागलं की बोट विचार करतं आणि विचार करणारं बोट अडखळतं. पंधराव्या वर्षापर्यंत मला ही युक्ती चांगली साधली होती. हात चालत राहायचे आणि मी मनात शाळेचा डबा, क्रिकेट, काहीही. डावीकडचे चिंचोके उजवीकडे जात राहायचे. गुरुजींना बाहेरून त्यात खोट सापडायची नाही, कारण बोल स्वच्छ होते.

माडीवर मोठ्या उस्तादांच्या गोष्टी चालायच्या. थिरकवाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत होते तेव्हाच्या, कुणाच्या सोळा सोळा तासांच्या रियाजाच्या, चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या. ज्यांचं सगळं सोसून नाव झालं त्यांच्याच गोष्टी असायच्या त्या. त्याच वाटेवर ज्यांनी तबला माळ्यावर टाकला त्यांच्या कोण सांगणार?

तिशीत आलो तेव्हा माझा दिवस असा होता. पहाटे पाच ते सात रियाज, आता स्वतःच्या घरी, पण डबा तसाच. सकाळी कथकच्या क्लासला साथ, दुपारी चार ते आठ माझे विद्यार्थी, रात्री कार्यक्रम असला तर कार्यक्रम. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांच्या दिवसांत गायनाच्या परीक्षार्थींना साथ. एका दिवसात पंचवीस-तीस मुलं, प्रत्येकाचा तोच छोटा ख्याल, तोच तीनताल, पंधरा मिनिटांत पुढचा.

हात दुखेल याची भीती मला कायम होती. मनगट, अंगठ्याची शीर, पाठ, सगळ्यावर लक्ष ठेवून होतो. हाताला काहीच झालं नाही. गेला तो कान, आणि तोही इतका हळू की मला पत्ताच नाही. तबल्याच्या चामड्याच्या पुडीला सोळा घरं असतात. चांगला वाजवणारा दर दहा-पंधरा मिनिटांनी एखादं घर उतरलेलं ओळखतो आणि पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हातोडीची एक टिचकी देतो. ही सवय अंगात असते, ठरवून करायची गोष्ट नाही. एका संध्याकाळी क्लासमध्ये अकरा वर्षांची एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचा तबला उतरलाय का?" वाजवून पाहिलं. एक घर नव्हे, अर्धी पुडी उतरली होती. त्यावर मी सव्वा तास शिकवत होतो. मी हसून हातोडी घेतली, पण तेव्हाच खरं तर थांबायला हवं होतं. रियाज झाल्यावर आज कोणता कायदा घेतला होता ते आठवत नसे. पहाटे गजराआधी जाग यायची आणि छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. बायको म्हणाली, एक दिवस नको बसूस. मी तिच्यावर ओरडलो. एक दिवस न बसल्याची शिक्षा काय ते मला सांगता आलं नसतं, पण ती होती.

कार्यक्रम अशाच परीक्षांच्या आठवड्यातला. गायिका माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, मी त्यांना ताईच म्हणतो. तबला काळी चारला लावला, यमनचा मोठा ख्याल सुरू झाला. ताईंचा विलंबित फार संथ. एक मात्रा साडेचार-पाच सेकंदांची, म्हणजे एक आवर्तन जवळजवळ मिनिटभराचं. या लयीत तबलजीचं खरं काम दोन बोलांच्या मधल्या रिकाम्या जागेत असतं. तिथे आतल्या आत मात्रेचे चार भाग मोजायचे, गायकाची बढत कुठे चालली आहे ते ऐकायचं आणि पुढचा बोल नेमका तिथे ठेवायचा. बोल ठेवणं त्यातलं सगळ्यात सोपं.

सातवं की आठवं आवर्तन असेल. ताई गंधारावर थांबल्या होत्या, निषादाकडे जायच्या बेतात. मी धागे वाजवलं, तिरकिट वाजवलं. नंतर काय झालं ते मला आठवत नाही, रेकॉर्डिंगवरून सांगतो. हातांनी 'धी' वाजवलं. मग 'ना'. दोन्ही स्वच्छ, जागेवर, लयीत तसूभर फरक नाही.

'धी ना' ऐकलं की विलंबितातला गायक मुखड्याची, म्हणजे समेवर नेणाऱ्या बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याची, तयारी करतो, समेला दोनच मात्रा उरल्या म्हणून. ताईंच्या हिशेबाने मात्र आपण पाचवीवर होतो. रेकॉर्डिंगमध्ये 'धी'नंतर त्यांचा स्वर अर्धा क्षण हलतो. मग त्यांनी गंधार सोडला, 'ना'वर मुखडा उचलला आणि माझ्या चुकीच्या समेवर बरोबर येऊन उतरल्या. निषाद राहूनच गेला. शेजारच्या हार्मोनियमवाल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. श्रोत्यांतून दाद आली, कारण मुखडा सुरेख पडला होता.

मला कळलं ते त्या दादेच्या आवाजाने. झोपेतून कुणी हाक मारावी तसा मी जागा झालो आणि पहिला विचार आला, आपण कुठल्या मात्रेवर आहोत? समोर गुरुजींचा उजवा हात मांडीवर होता. ते बोटांच्या पेरांवर मात्रा मोजतात. अंगठा मध्येच एका पेरावर थांबलेला होता.

मध्यंतरात ताई एवढंच म्हणाल्या, "अर्धं आवर्तन खाल्लंस रे. बरं नाही का वाटत?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुजी आत आले, नमस्कार घेतला आणि म्हणाले, "उद्यापासून पहाटे माझ्याकडे. एकताल लावून बसायचं. दोन तास." त्यांना माहीत असलेलं एकच औषध ते देत होते. मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यानंतर साडेचार महिने तबल्याची गवसणीच काढली नाही. क्लास मित्राकडे सोपवला, कथकवाल्या बाईंना दुसरा माणूस दिला, बचत संपत आली. पहिले तीन आठवडे मी फक्त झोपलो. गाणं ऐकू आलं तर खिडकी लावायचो.

परत गेलो ते काकूंचा फोन आला म्हणून. जिना चढताना साडेसहा वाजून गेले होते. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं नाही. मी खाली बसलो, सवयीने तबल्याकडे हात गेला तर म्हणाले, "तो नको. टाळी दे." समोर बारा-तेरा वर्षांचा एक नवा मुलगा बसला होता. तो वाजवणार आणि मी नुसता हाताने ताल धरणार.

मला अपमान वाटला. तीन-चार दिवसांनी लक्षात आलं की टाळी देताना मनात दुसरं काही चालवता येत नाही. मात्रा सुटली की लगेच कळतं, बोटांवर ढकलून मोकळं होता येत नाही. गुरुजींनी हे ठरवून केलं, की माझ्या हाताला विश्रांती द्यायची म्हणून, ते मी विचारलेलं नाही. महिनाभर मी रोज तासभर टाळी देत होतो, कधी विलंबित एकताल, कधी तीनताल. एका सकाळी त्या मुलाच्या तबल्याचं एक घर मला उतरलेलं ऐकू आलं आणि मी न बोलता हातोडी पुढे केली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. लेहऱ्याच्या, म्हणजे तालाचं आवर्तन धरून ठेवणाऱ्या धुनेच्या, मशीनवर तीनताल चालू होता, मुलगा 'धाती टधा तीट' घोटत होता. खिडकीत डबा तोच, चिंचोके बहुतेक बदललेले असावेत. उजवीकडे नव्वदच्या पुढे गेले होते. आतून कुकरची शिट्टी झाली आणि त्याच वेळी त्याचा 'ट' गेला. गुरुजींना ऐकू गेलं नाही, आतून 'परत' आलं नाही. मुलाचे हात थांबले. त्याने चिंचोक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

लेहरा चालूच होता. सातवी मात्रा, आठवी. नववीला मी हात उलटा केला, खालीची मात्रा दाखवली आणि त्याला मानेने सांगितलं, समेपासून घे.