दाढीचं एवढं काय?

‘दादा, मार्क आहेत, प्रॅक्टिकल येतं. मग दाढी आणि शर्टाचं एवढं काय घेऊन बसलास? ते मला घेणार का माझ्या गालाला?’

प्रिय बाळू,

फोनवर तू हे तिसऱ्यांदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी चिडलो. म्हणून आज लिहितोय.

२०१३ साली माझी पहिली मुलाखत होती. तू तेव्हा लहान होतास, त्यामुळे दादाला नोकरी मिळाली नाही एवढंच तुला माहीत आहे. बार्शीहून रात्रीच्या एसटीने मी निघालो आणि साडेचारला स्वारगेटला उतरलो. मुलाखत दहाला. चेहरा ताजा दिसावा म्हणून दाढी मुद्दाम तिथेच करायची ठरवली होती. बाबांच्या डब्यातलं जुनं रेझर गुपचूप आणलं होतं, त्यातलं ब्लेड किती दिवसांचं होतं देव जाणे. स्टँडवरच्या न्हाणीघरात गार पाणी, अंगाचा साबण आणि हाताच्या पंज्याएवढा आरसा. दोन महिन्यांची दाढी होती. वरून खाली ओढलं तर केस नुसते वाकत होते, म्हणून खालून वर ओढलं. गाल साफ झाले. मानेवर, जबड्याच्या खाली, ब्लेड अडकलं आणि कापलं.

वर्तमानपत्राचा कपटा दाबून धरला. रक्त थांबलं असं वाटलं, म्हणून मामाचा पांढरा शर्ट घातला. त्याची कॉलर मला मोठी होती आणि मान हलली की जखमेवर घासायची. कंपनीच्या बाकावर बसलो तेव्हा शेजारच्या मुलाने नुसतं बोट दाखवलं. कॉलरच्या आतल्या कडेला हरभऱ्याएवढा लाल डाग होता. नळाखाली धुतला तर पसरून गुलाबी झाला आणि कॉलर ओली झाली.

आत तिघे होते. त्यांनी मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट विचारला. ०.०१ मिलीमीटर, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मी सांगितलंही, पण टेबलाकडे बघून आणि डावा हात मानेवर ठेवून. पुढच्या प्रत्येक उत्तराला हात तिथेच होता. त्यांच्यातल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘लागलंय का काही?’ त्यांचा आवाज चांगला होता, आपल्या बाबांसारखा. त्यानंतर मला एकही वाक्य नीट बोलता आलं नाही.

कितीतरी वर्षं मी घरी सांगत आलो की ते लोक कपडे बघतात, गरिबाचं पोर त्यांना चालत नाही. तूही हे माझ्याच तोंडून ऐकलंयस आणि आता माझंच वाक्य माझ्यावर फेकतोयस. बरोबर आहे तुझं. पण आज मला वाटतं, त्यांनी तो डाग दोन क्षण पाहिला असेल. अर्धा तास तो मीच पाहत होतो. आणि तरी रात्री कधी आठवलं की शंका येतेच. इस्त्रीच्या शर्टातला तो बाकावरचा मुलगा माझ्यापेक्षा हुशार होता का, की नुसता मोकळा बसला होता? याचं उत्तर मला मिळालेलं नाही, मिळणारही नाही.

बाबांनी मला दाढी कशी करायची ते कधी दाखवलं नाही. मीही तुला दाखवलं नाही, मी पुण्यात होतो. ही चूक माझी आहे, तुझी नाही.

तर आता ऐक. मुलाखत सोमवारी आहे, पण पहिली दाढी आदल्या सोमवारी कर. महिनोन्‌महिने दाढीखाली असलेली कातडी नाजूक होते आणि पहिल्या वेळी हमखास लाल होते. ती आठवडाभर आधी होऊन जाऊ दे. दुसरी दाढी रविवारी संध्याकाळी घरीच, एसटीत बसायच्या आधी. तुझी दाढी विरळ आहे, रात्रीत फार वाढत नाही, आणि लालसरपणा सकाळपर्यंत ओसरतो. आंघोळीनंतर कर किंवा गरम पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटं तोंडावर धर, म्हणजे केस मऊ पडतात. ब्लेड नवं घे.

मानेवर केस एका दिशेने वाढत नाहीत. बोट फिरवून बघ. ज्या बाजूला गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा, ब्लेड त्याच बाजूने ने, दाबू नकोस. उलट ओढलं की केस कातडीच्या आत कापला जातो आणि आपल्यासारखे कुरळे केस असले की तो वाढताना आत वळतो, मग पुळ्या येतात. दोन-चार दिवसांनी मानेवर ठिपके दिसले तर समज की हात उलटा गेला. तिथे रविवारी ब्लेड लावू नकोस, थोडे खुंट राहिले तरी चालतील. कापलंच तर ओली तुरटी दाबून धर.

दाढी ठेवायचीच असेल तर ठेव, माझी हरकत नाही. कंठमण्याच्या वर दोन बोटांवर रेघ धरून खालचं काढ आणि बाकी ट्रिमरने सारखी कर. पण कुरकुंभच्या रसायनाच्या कंपनीत जातोयस. वायूपासून वाचवणारा घट्ट मास्क दाढीवर नीट बसत नाही, केसांमधून फट राहते. तिथे कोणी दाढीबद्दल विचारलं तर त्याला फॅशन समजून रागावू नकोस.

बोटांचं तू स्वतः विचारलंस ते बरं केलंस. परमँगनेटचे तपकिरी डाग लिंबू चोळलं की जातात. ऑक्झॅलिक ॲसिड मात्र हाताला लावू नकोस. सिल्व्हर नायट्रेटचा काळा डाग घासून जात नाही, कातडी झडेल तसाच जातो. तो राहू दे आणि हात टेबलावर उघडे ठेव. समोर रसायनवाला बसला असेल तर त्याला तो डाग ओळखता येतो. नखं तेवढी शनिवारी काप, रविवारी रात्री घाईत खोल कापशील.

शर्ट नवा घेणार असशील तर आधी एकदा धू, घडीच्या रेघा नुसत्या इस्त्रीने जात नाहीत. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं जायला हवीत, चार नाही. मामाच्या शर्टात माझी चार जात होती. शर्ट अंगात घालून प्रवास करू नकोस, हँगरला लावून पिशवीत ने आणि पोचल्यावर बदल.

काल तू म्हणालास, ‘दादा, तू साहेब झालास.’ मला ते लागलं. मी साहेब झालेलो नाही. नोकरी लागल्यावरही वर्षभर कोणी समोर बसलं की माझा हात मानेवर जायचा. मला फक्त एवढंच हवंय, की सोमवारी तुझे दोन्ही हात टेबलावर असावेत.

रविवारी पाचला व्हिडिओ कॉल कर. फोन आरशाला टेकवून ठेव, उजेड समोरून येऊ दे. मानेवरची दिशा आपण दोघं मिळून बघू. त्या दिवशी ब्लेड मी सांगेपर्यंत लावू नकोस.

तुझा,
दादा