सातेरीची पेटी, मनगटावरचा काटा आणि पुढचे तीन दिवस

दसरा झाल्यावर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या उघडल्या. पावसाळाभर साखरेच्या पाकावर काढलेल्या दोन्ही वसाहती आता भरल्यात. कडेच्या चौकट्यांवरही माश्या आहेत, राणीने नवी अंडी घातलीत. दुसऱ्या पेटीत एक चौकट मेणाने जाम चिकटली होती. पटाशीने जरा जोरात उचकटली तेव्हा एक माशी हातमोजा आणि बाहीच्या फटीतून आत शिरली आणि मनगटाच्या वरच्या बाजूला डसली. सातेरी एरवी गरीब, पण वर ढग आले होते आणि चौकटीला हिसका बसला होता.

या वेळची नोंद मुद्दाम काट्यावरच लिहितोय, कारण गटात नवीन आलेले बरेच जण अजून "चिमटा आणा" म्हणत घराकडे पळतात.

बाही मागे सारली की दिसतं ते असं: कातडीत रुतलेली तपकिरी, केसाएवढी बारीक काडी आणि तिच्या टोकाला मोहरीपेक्षा लहान, पांढुरकी पिशवी. नीट पाहिलं तर ती पिशवी हलताना दिसते. काट्याला उलटे दाते असल्यामुळे माशी उडताना तो तिच्या पोटातून तुटून आपल्याकडेच राहतो, आणि त्याच्यासोबत आलेले स्नायू माशी गेल्यावरही विष आत ढकलत राहतात. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतरतं. चिमटा सापडेपर्यंत काम झालेलं असतं.

पटाशी हातात होतीच. काट्याजवळची कातडी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ताणली, पटाशीची बोथट कड कातडीवर जवळजवळ आडवी टेकवली आणि एका बाजूने दुसऱ्या बाजूला एकाच फटक्यात खरवडलं. कड काट्याच्या बुडाशी, कातडीला चिकटून गेली पाहिजे; वरून नुसती पिशवीवर घासली तर पिशवी फुटून काडी आतच राहते. पटाशी नसेल तर नख चालतं, एटीएम कार्डाची कड चालते. निघाला की नाही ते कडेवर बघायचं: काडी आणि पिशवी एकत्र दिसली पाहिजेत. पिशवी निघून नुसता काळा ठिपका उरला तर सुईने कोरत बसू नका. विष येणं थांबलेलं असतं आणि तो कण पुढे आपोआप बाहेर पडतो.

आता चिमटीत धरलं तर विष आत दाबलं जातं, ही जुनी समजूत. 1996 साली 'लॅन्सेट'मध्ये तीन संशोधकांचा प्रयोग छापून आला होता. खरवडलेला आणि चिमटीत धरून उपटलेला काटा यांत गांधीच्या आकारात फरक पडला नाही; फरक पडला तो उशिराने, अगदी काही सेकंदांच्याही. मी खरवडतो ते एवढ्याचसाठी की जाड हातमोज्यात चिमूट नीट बसत नाही आणि पटाशी हातातच असते.

काटा निघाला की त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. तो बाकीच्या माश्यांना हल्ल्याचा इशारा असतो. म्हणून धुराड्याचे दोन भपके मनगटावर मारले, पेटीवर झाकण ठेवलं आणि मग नळावर साबणाने धुतलं. अंगठी असेल तर सूज यायच्या आधीच काढायची. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं, मग थोडी विश्रांती, परत बर्फ. रात्री खाज वाढली म्हणून सेटिरिझिन घेतली आणि कॅलामाइन लावलं. चुना लावला नाही. विष कातडीच्या आत असतं, चुना वरच राहतो आणि वर कातडी भाजते ती वेगळीच.

सुजेच्या कडेने बॉलपेनने रेघ मारून ठेवली होती, तिचा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी सूज रेघेच्या बाहेर, हाताच्या पंजापर्यंत आली. हे अपेक्षितच, एक-दोन दिवस वाढून ती उतरते. तिसऱ्या दिवशी रेघेच्या आत आली, खाज मात्र राहिली. चार-पाच दिवसांनी सूज, लाली आणि ठणका नव्याने वाढला, ताप किंवा पू आला, तर तो जंतुसंसर्ग समजून डॉक्टरकडे जायचं.

डंखापासून दूर अंगभर पित्त उठणं, ओठ किंवा घसा सुजणं, धाप, उलटी, चक्कर यातलं काहीही दिसलं तर मात्र बर्फाच्या नादी न लागता 108. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शनच लागतं, सेटिरिझिनने भागत नाही. डोळ्यात काटा गेला तर खरवडायचं नाही, थेट नेत्रतज्ज्ञाकडे. आणि आग्या मोहोळ उठलं तर काटे काढायला थांबायचंच नाही: तोंड झाकून पळायचं, बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं, काटे तिथे गेल्यावर काढायचे. डंख बरेच असतील तर ॲलर्जी नसली तरी दवाखाना.

चिकटलेली चौकट तशीच आहे. ऊन पडलं की कड आधी खरवडून मगच उचलणार.