खालीत लय पळते ती कुठून : उशिरा धरलेल्या तबल्याची सहाव्या महिन्याची नोंद

पन्नाशीनंतर तबला धरला की पहिले सहा महिने बोटं कडक आहेत म्हणून तक्रार चालते. बोटं हळूहळू सैल होतात. लयीचं दुखणं मात्र लेहऱ्याच्या, म्हणजे साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीच्या, आड लपून राहतं, कारण लेहरा चालू असताना हात त्याच्या मागे मागे जातो आणि सगळं ठीक वाटतं. म्हणून या महिन्यात लेहरा मध्येच बंद करायचा.

मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत त्रितालाचं एक आवर्तन १६ सेकंदांचं. दोन आवर्तनं लेहऱ्याबरोबर वाजवून तो बंद करायचा आणि पुढची दहा आवर्तनं नुसता ठेका, तोडे-कायदे काही नाही. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवायचं. हिशेबाने १६० सेकंद व्हायला हवेत. १५० भरले तर लय ६४ झाली. एवढी वाढ वाजवताना कळत नाही.

आता ती वाढ कुठे झाली ते पाहायचं. संगणकावर ध्वनिलहर उघडून एका आवर्तनाचे चार विभाग मोजायचे. प्रत्येक विभाग ४ सेकंदांचा हवा. एका मुद्रणात आकडे असे आले: ३.९, ३.९, ३.४, ३.८. म्हणजे चोरी मुख्यतः तिसऱ्या विभागात, खालीत.

कारण डग्ग्यात आहे. 'धा तिं तिं ता' म्हणताना नवव्या मात्रेच्या 'धा'नंतर डग्गा बंद होतो, तो थेट चौदाव्या मात्रेच्या 'धिं'ला उघडतो. एरवी डग्ग्याची घुमार दोन मात्रांमधली जागा भरून ठेवते. ती गेली की जागा रिकामी वाटते आणि उजवा हात ती बुजवायला धावतो. शांततेत माणूस किती वेळ गप्प बसू शकतो, हे इथे सेकंदाच्या दशांशात मोजून मिळतं. स्वतःबद्दलचा हा आकडा पहिल्यांदा ऐकायला फारसा गोड लागत नाही.

उपाय करण्याआधी एक तपासणी. तबला बाजूला ठेवून हाताने टाळी-खाली देत तेवढ्याच आवर्तनांचे बोल तोंडाने म्हणायचे, म्हणजे पढंत करायची, तीही मुद्रित करून. पढंतीतही खाली आखूड निघाली तर घाई मनात आहे. पढंत नीट आणि वाजवणं पळतं, तर दोष हाताचा: बहुधा डग्ग्यावरचा पंजा दाबून धरलेला असतो आणि तोच ताण उजव्या खांद्यात चढतो.

मनातली घाई असेल तर लय ४०वर आणा आणि दहाव्या ते तेराव्या मात्रेपर्यंत प्रत्येक बोलानंतर तोंडाने 'आणि' म्हणा. मात्रेचे दोन भाग झाले की मोकळी जागा उरत नाही. आठवडाभराने 'आणि' मनातच ठेवा. हाताचा दोष असेल तर बंद डग्ग्यावर पंजा नुसता टेकवायचा, वजन द्यायचं नाही.

लय ६०वरून वाढवायची घाई नको. दहा आवर्तनं १५८ ते १६२ सेकंदांत सलग तीन दिवस बसली की मग ७०.