आमची वाटचाल : एक नाकारलेले पॅनेल आणि आमचा रेसी तक्ता

कुंडई औद्योगिक वसाहतीतला विजेचे कंट्रोल पॅनेल बनवणारा आमचा कारखाना एका ऑर्डरमुळे बंद पडण्याच्या बेताला आला होता. ग्राहक कंपनीच्या सल्लागाराने पॅनेलमध्ये येणारी वीज घेणारा इनकमर ब्रेकर ४०० ऐवजी ६३० अँपिअरचा करण्यास आमच्या मार्केटिंगच्या माणसाला फोनवर सांगितले. डिझायनरने सुधारित ड्रॉइंग मेलने पाठवले, पण शॉपफ्लोअरवर जुन्याच ड्रॉइंगप्रमाणे वीज वाहून नेणारे तांब्याचे बसबार कापून, भोके पाडून, वाकवून तयार झाले. कंपनीने पॅनेल नाकारले, सल्लागाराने आपला फोनच नाकारला, आणि वसाहतीतल्या एका स्पर्धकाने ती ऑर्डर तर उचललीच, शिवाय आमच्याकडे कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नसतो असे गावभर सांगितले. तो सल अजून आहे. फोंड्याच्या एका काजू कारखानदाराने, आमच्या पहिल्या ग्राहकाने, पुढच्या पॅनेलची सगळी रक्कम आगाऊ दिली, म्हणून त्या महिन्याचे पगार झाले.

त्यानंतर माझ्या भागीदाराने रेसी मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक कामात कोणाची काय जबाबदारी हे आर, ए, सी, आय या अक्षरांनी दाखवणारा तक्ता, करायला घेतला. ‘ड्रॉइंग बदल’ अशी एकच ओळ त्यांनी ठेवू दिली नाही. बदलाची मागणी लेखी घेणे, सुधारित ड्रॉइंग करणे आणि ते शॉपफ्लोअरला सोडणे अशा तीन ओळी केल्या. वरच्या रकान्यांत माणसांची नावे न लिहिता पदे लिहिली, कारण माणसे बदलतात. ड्रॉइंग सोडण्याच्या ओळीत डिझायनरला आर मिळाला, कारण प्रत्यक्ष काम त्याचे. प्रोजेक्ट इंजिनिअरला ए, कारण जाब त्याने द्यायचा आणि काम थांबवण्याचा अधिकारही त्याचाच. आधी भागीदार आणि मी दोघांनीही त्या ओळीत ए लिहून घेतला होता, तो खोडावा लागला. एका ओळीत दोन ए असले की प्रत्येकाला दुसऱ्याने पाहिले असेल असे वाटते.

खरा वाद फोरमनच्या चौकटीवर झाला. आम्ही त्यांना आय, म्हणजे निर्णयानंतर फक्त कळवायचे, असे धरले होते. मोठ्या ब्रेकरचे टर्मिनल रुंद असतात, त्यामुळे भोकांची जागा आणि दोन फेजमधले अंतर बदलते, हे दाखवून त्यांनी सुधारित ड्रॉइंग करण्याच्या ओळीत सी मागितला, आणि ते रास्तच होते. सी म्हणजे निर्णयाआधी विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे. म्हणूनच ते अक्षर मान राखण्यासाठी कोणालाही देऊ नये. सी वाढले की ड्रॉइंग टेबलावरच अडकते.

तक्ता तपासताना प्रत्येक रकाना वरून खालीही वाचावा. तसे वाचत असताना फोरमननीच विचारले, “जुनी प्रत मशीनवरून काढायची कोणी?” ते कोणत्याच ओळीत नव्हते. चौथी ओळ तिथे आली : जुनी प्रत परत घेणे, आर फोरमनकडे, ए प्रोजेक्ट इंजिनिअरकडे. पहिली ओळ आता आम्ही कोटेशनसोबत सल्लागाराकडे सहीसाठी पाठवतो.