एका सहीने टाय केलेली आमची निवडणूक

आमच्या नागपुरात डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा पोरं घरून मोर्चांच्या, ट्रॅफिकच्या गोष्टी ऐकून येतातच, म्हणून मी आठवीची मॉक निवडणूक तेव्हाच ठेवते. यंदा सोहम आणि अन्वी उभे होते, शिवाय नोटा. बुटाचं खोकं ही मतपेटी आणि डाव्या तर्जनीला स्केचपेनची शाई.

46 मतं पडली. मोजताना एका चिठ्ठीवर अन्वीच्या नावापुढे टिक होती आणि खाली चक्क मतदाराची सही, एकदम झोकात. खऱ्या मतपत्रिकेचाही नियम असाच आहे, मत कोणाचं ते ओळखू येईल अशी खूण असली की ते बाद. मी ते बाद केलं आणि झालं काय, दोघांना 21-21, नोटाला 3. अन्वीचा गट उसळला, मॅडम आम्हालाच दिलंय ना ते, मग बाद काहून? मी विचारलं, सही चालली तर उद्या कोणी दम देऊन म्हणेल सही करून मत दे, मी नंतर बघतो, तेव्हा काय करणार? हे मात्र पटलं त्यांना.

मग टायचं काय? कायद्यात चिठ्ठी काढतात, आणि जिच्या नावाची निघेल तिला एक मत जास्त मिळालं असं धरतात. 2017 ला मुंबई महापालिकेच्या एका वॉर्डात असंच झालं होतं. चिठ्ठी अन्वीची निघाली, म्हणजे 22-21. सोहम विरोधी पक्षनेता, पण तोंड एवढंसं.

दुपारी संसद. अन्वीचा ठराव होता की पीटीचा तास गणिताला देऊ नये. सोहम उठला आणि थेट तिच्याकडे बघून, "अबे चिठ्ठीवाली, तू काय बोलून राहिली?" वर्ग खदखदून हसला. अध्यक्ष केलेली मुलगी एरवी तोंड उघडत नाही, पण ती म्हणाली, सदस्यांनी माझ्याकडे बघून बोलावं, आणि हा शब्द कामकाजातून काढून टाकला जातोय. नोंद घेणाऱ्या पोराने वहीत खोडला आणि विचारलं, पण ऐकला तर सगळ्यांनी, आता? बरोबरच आहे, खोडल्याने फक्त नोंद जाते, खऱ्या सभागृहातही तसंच. पण मान वळवून "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्य म्हणतात" अशी सुरुवात करायची म्हटलं की भांडायचा अर्धा जोर तिथेच उतरतो, हे मी दर वर्षी बघते, त्यामुळे एवढा एक नियम मी कधीच सोडत नाही.

सोहमनेही मग अध्यक्षांकडे तोंड करून दुरुस्ती सुचवली, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात तास घेतला तरी चालेल पण नंतर परत द्यायचा. अन्वीने ती मान्य केली आणि दुरुस्तीसह ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. गणिताचे सर बाहेर उभे राहून ऐकत होते, म्हणाले, मला मत नव्हतं का?